आडवे वाचावे की उभे? ६४ आकड्यांचा हिशेब

हवामान केंद्रावर दर तीन तासांनी तापमानाची नोंद होते. पहाटे साडेपाच, सकाळी साडेआठ, साडेअकरा असे करत दिवसाच्या आठ नोंदी. समजा, कुलाबा, अलिबाग, रत्नागिरी, पुणे, महाबळेश्वर, नाशिक, सोलापूर आणि नागपूर अशा आठ केंद्रांच्या एका दिवसाच्या नोंदी आपल्यापुढे आहेत. प्रत्येक केंद्राची एक आडवी ओळ आणि प्रत्येक वेळेचा एक उभा स्तंभ, असा ६४ आकड्यांचा तक्ता झाला. या सगळ्यांची बेरीज करायची आहे. कुलाब्याची ओळ संपवून अलिबागच्या ओळीवर जा, किंवा साडेपाचचा स्तंभ वरून खाली संपवून साडेआठच्या स्तंभावर जा. कागदावर बेरीज करणाऱ्याला दोन्ही सारखेच. आकडे तेच, बेरजाही तितक्याच.

संगणकाला मात्र हे सारखे नसते. तक्ता मोठा असेल तर एका क्रमाने वाचताना लागणारा वेळ दुसऱ्या क्रमापेक्षा कितीतरी पट जास्त असू शकतो. हा फरक कुठून येतो हे सांगणाऱ्या लेखांत बहुतेक वेळा 'ओळीने वाचा, स्तंभाने वाचू नका' एवढाच नियम हाती ठेवलेला असतो. माझ्या मते हा नियम अर्धा आहे. उरलेला अर्धा समजायला ६४ आकड्यांचा हा तक्ता पुरतो आणि त्याचा हिशेब हाताने करता येतो.

संगणकाच्या मेमरीला ओळी आणि स्तंभ माहीत नसतात. तिच्या लेखी एकामागून एक क्रमांक दिलेली घरांची एकच लांब पट्टी असते. चौकोनी तक्ता त्या पट्टीवर मांडायचा तर कोणत्या तरी क्रमाने तो उलगडावाच लागतो. सी भाषेत तो ओळीओळीने उलगडतात. कुलाब्याचे आठ आकडे, त्यांना लागून अलिबागचे आठ, मग रत्नागिरीचे. याला रो-मेजर म्हणतात. फोरट्रानमध्ये उलटे आहे. तिथे साडेपाचच्या आठही केंद्रांच्या नोंदी एकत्र, मग साडेआठच्या. हा झाला कॉलम-मेजर क्रम. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया या भाषा फोरट्रानच्या बाजूच्या. पायथनमधली नमपाय ही लायब्ररी वेगळे काही सांगितले नाही तर सीच्या बाजूची.

आयबीएम ७०४ या यंत्रासाठी १९५७ साली फोरट्रान आली, तेव्हा या निवडीचा वेगाशी असा संबंध नव्हता. त्या यंत्राच्या चुंबकीय कोअर मेमरीत कोणतेही घर वाचायला सारखाच वेळ लागे. संबंध जुळला तो कॅश आल्यावर. मोठ्या पण संथ मेमरीसमोर एक छोटी, वेगवान मेमरी ठेवावी, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका छोट्या शोधनिबंधात मांडली, आणि १९६८ साली आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये ती बाजारात आली. आजच्या प्रोसेसरला सर्वांत जवळच्या कॅशमधला आकडा साधारण चार-पाच ठोक्यांत मिळतो. तोच आकडा मुख्य मेमरीतून आणायचा झाला तर दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ठोके जातात. हवा असलेला आकडा कॅशमध्ये सापडला की तो हिट, नाही सापडला की मिस.

आता कळीची गोष्ट. मिस झाल्यावर प्रोसेसर फक्त हवा तो आकडा आणत नाही. माळ्यावरची एकच वाटी उतरवायला कोणी शिडी लावत नाही. चढलोच आहोत तर शेजारच्या वाट्याही खाली येतात. तसाच मेमरीतून ठरावीक लांबीचा अखंड तुकडा येतो. त्याला कॅश लाइन म्हणतात. आपल्या घरच्या बहुतेक संगणकांत ती ६४ बाइटची असते. आपले तापमान double प्रकारात, म्हणजे ८ बाइटमध्ये साठवले तर एका लाइनीत बरोबर आठ आकडे मावतात. आपल्या तक्त्याची एक ओळही आठ आकड्यांचीच आहे. म्हणजे कुलाब्याची ओळ ही एक लाइन, अलिबागची दुसरी, आणि सगळा तक्ता मिळून आठ लाइनी. (तक्ता लाइनीच्या सुरुवातीपासून सुरू होतो असे धरले आहे. मध्येच सुरू झाला तर तो नऊ लाइनींवर पसरेल.)

हिशेबासाठी एक अगदी छोटी कॅश घेऊ, जिच्यात एका वेळी चारच लाइनी मावतात. जागा भरली की जिला हात लागून सर्वांत जास्त काळ झाला, ती लाइन बाहेर जाते. बेरीज कॅशच्या बाहेर, प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये राहते, म्हणून तिचा विचार नको.

आधी आडवे वाचन, सी भाषेत:

```c
for (i = 0; i < 8; i++)
    for (j = 0; j < 8; j++)
        sum += t[i][j];
```

t[0][0] मागितला. कॅश रिकामी आहे, म्हणून मिस. पण त्यासोबत कुलाब्याचे आठही आकडे आत आले. पुढचे सात, t[0][1] पासून t[0][7] पर्यंत, सगळे हिट. मग अलिबागचा पहिला आकडा मिस आणि पुढचे सात हिट. पाचव्या ओळीला कॅश भरलेली असते, म्हणून कुलाब्याची लाइन बाहेर जाते. तिचे आता काही काम उरलेले नाही, त्यामुळे नुकसानही नाही. शेवटी ६४ वाचनांत ८ मिस आणि ५६ हिट. या पद्धतीला चार लाइनींचीही गरज नाही, हे लक्षात घ्या. कॅशमध्ये एकच लाइन मावत असती तरी ८ मिसच झाल्या असत्या.

आता फक्त दोन for ची अदलाबदल:

```c
for (j = 0; j < 8; j++)
    for (i = 0; i < 8; i++)
        sum += t[i][j];
```

t[0][0] मिस, कुलाब्याची लाइन आत. पुढचा आकडा t[1][0], म्हणजे अलिबागचा. तो पट्टीवर ६४ बाइट पुढे, दुसऱ्या लाइनीत. मिस. रत्नागिरी मिस, पुणे मिस. चार जागा भरल्या. महाबळेश्वरला जागा हवी म्हणून कुलाब्याची लाइन बाहेर. नाशिकसाठी अलिबाग, सोलापूरसाठी रत्नागिरी, नागपूरसाठी पुणे बाहेर. पहिला स्तंभ संपला तेव्हा आठपैकी आठ मिस झाल्या आणि कॅशमध्ये महाबळेश्वर ते नागपूर या चार लाइनी आहेत. दुसऱ्या स्तंभाची सुरुवात कुलाब्याच्या साडेआठच्या नोंदीने होते. ही नोंद थोड्याच वेळापूर्वी आत आली होती आणि वापराविना परत गेली. आता ती पुन्हा आणायची, तीही महाबळेश्वरची लाइन बाहेर काढून, जिची चारच वाचनांनंतर गरज लागणार आहे. हे असेच शेवटपर्यंत चालते. प्रत्येक लाइन आठ वेळा आत येते आणि दर वेळी तिच्यातला एकच आकडा कामी येतो. ६४ वाचने, ६४ मिस. तक्ता अवघ्या ५१२ बाइटचा, पण मेमरीतून आलेले बाइट ४,०९६.

इथपर्यंत नेहमीचा नियम बरोबर ठरला. आता कॅश वाढवून पाहू. तिच्यात चारऐवजी पाच लाइनी मावतात असे धरले तर उभ्या वाचनाच्या मिस कमी होतील, असे मनाला वाटते. होत नाहीत, ६४ च राहतात. सहा लाइनी, तरी ६४. सात लाइनी, म्हणजे एक सोडून सगळा तक्ता आत मावतो, तरीही ६४. कारण बाहेर जाणारी लाइन नेमकी तीच असते जिची लगेच पुढे गरज आहे: नागपूरला जागा करताना कुलाबा जाते, आणि त्यानंतर पहिलीच मागणी कुलाब्याची येते. आठवी जागा मिळाली की मिस ६४ वरून थेट ८ वर येतात. मधले काही नाही.

प्रत्यक्षातल्या प्रोसेसरांत बाहेर काढायची लाइन निवडताना इतका काटेकोर क्रम पाळत नाहीत. जवळपास तसे वागणारी सोपी युक्ती वापरतात, म्हणून हा कडा थोडा उतरता दिसतो. पण कडा असतोच. माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. प्रश्न आडव्या-उभ्याचा नाही. एक लाइन आत आली की तिच्यातला शेजारचा आकडा मागितला जाईपर्यंत ती आत टिकते का, हा प्रश्न आहे. आडव्या वाचनात शेजारी पुढच्याच क्षणी मागितला जातो, म्हणून ती टिकतेच. उभ्या वाचनात मध्ये एक पूर्ण स्तंभ जातो. म्हणजे एका स्तंभाला जितक्या लाइनी लागतात तितक्या कॅशमध्ये मावल्या पाहिजेत.

म्हणूनच ही आठ-बाय-आठची बेरीज आपल्या लॅपटॉपवर दोन्ही क्रमांनी चालवून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही. अनेक प्रोसेसरांची पहिली कॅश ३२ किलोबाइटची असते. तिच्यात ५१२ लाइनी मावतात, आपल्या तर आठच आहेत. २,००० ओळी आणि २,००० स्तंभ घ्या. एका स्तंभाला २,००० लाइनी लागतात, त्या ५१२ मध्ये मावत नाहीत. आडव्या वाचनात ४० लाख वाचनांमागे ५ लाख मिस, उभ्या वाचनात जवळजवळ ४० लाख. मात्र २,००० लाइनी म्हणजे १२५ किलोबाइट. हा ऐवज दुसऱ्या, जरा मोठ्या कॅशमध्ये बऱ्याचदा मावतो, त्यामुळे या प्रत्येक मिसची किंमत मुख्य मेमरीएवढी जबर नसते. मिस आठपट झाल्या म्हणून वेळही आठपटच होईल, असे गृहीत धरू नये. कधी तो कमी भरतो, कधी जास्त. आडवे वाचन सरळ पुढे जात असल्याने प्रोसेसर पुढच्या लाइनी न मागताच आणून ठेवतो. उभ्या वाचनात उड्या लांब पडल्या की ही मदत बऱ्याचदा मिळत नाही. मिसची संख्या हाताने मोजता येते, वेळ मात्र घड्याळानेच मोजावा.

मग ज्याला उत्तरच स्तंभाचे हवे आहे त्याने काय करावे? साडेपाचला आठ केंद्रांची सरासरी किती, साडेआठला किती, असे विचारले की हात आपोआप उभ्या वाचनाकडे जातो. तशी गरज नाही. आठ बेरजांसाठी आठ घरे ठेवा आणि तक्ता आडवाच वाचा. कुलाब्याचा प्रत्येक आकडा आपापल्या वेळेच्या बेरजेत टाका, मग अलिबागचा:

```c
for (i = 0; i < 8; i++)
    for (j = 0; j < 8; j++)
        s[j] += t[i][j];
```

आठ बेरजांची मिळून एकच लाइन होते. तिला सतत हात लागत असल्याने ती बाहेर जात नाही. आपल्या चार लाइनींच्या कॅशमध्ये तक्त्याच्या ८ आणि बेरजांची १ अशा ९ मिस होतात. स्तंभ एकेक करून संपवला असता तर ७२ झाल्या असत्या. तक्त्याच्या ६४ तर होत्याच, शिवाय प्रत्येक स्तंभाअखेर उत्तर लिहायला जाईपर्यंत उत्तरांची लाइनही बाहेर गेलेली असती.

फोरट्रानमध्ये हे सगळे उलटे करायचे. तिथे आतले चक्र पहिल्या निर्देशांकाचे, म्हणजे i चे हवे. सीमधला कार्यक्रम ओळीगणिक फोरट्रानमध्ये उतरवला की उत्तर बरोबर येते आणि वेग जातो. चूक दिसत नाही, कारण चुकलेले काहीच नसते. नमपायमध्ये आणखी एक फसवी जागा आहे. तक्त्याला .T लावून तो आडवाचा उभा केला तरी मेमरीतले आकडे जागचे हलत नाहीत. फक्त कोणत्या दिशेला किती बाइटची उडी मारायची, याची नोंद बदलते. त्यामुळे पडद्यावर जी ओळ दिसते ती मेमरीत स्तंभासारखी विखुरलेली असू शकते. शंका आली तर a.strides छापून पाहावे. सर्वांत लहान उडी ज्या दिशेला, त्या दिशेने वाचन स्वस्त.

आता अर्ध्या नियमाला न दिसणारे एक उदाहरण. आठ केंद्रांऐवजी ६४ केंद्रे घ्या आणि एका दिवसाऐवजी पूर्ण पावसाळा, जून ते सप्टेंबर. दिवस १२२, दिवसाला ८ नोंदी, म्हणून एका ओळीत ९७६ आकडे. कार्यक्रम लिहिणारा गोल आकडा म्हणून ओळीला १,०२४ घरे देतो. संगणकवाल्यांना हा आकडा गोल वाटतो. उभे वाचन करायचे, पण आपण आता शहाणे झालो आहोत: एका स्तंभाला ६४ लाइनी लागतात आणि कॅशमध्ये ५१२ मावतात. मग दर आठ वाचनांमागे एकच मिस व्हायला हवी.

होत नाही. वाचने ६२,४६४ आणि मिसही ६२,४६४. कारण खऱ्या कॅशमध्ये कोणतीही लाइन कुठेही बसत नाही. ३२ किलोबाइटची कॅश बहुधा ६४ कप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक कप्प्यात ८ लाइनी मावतात. लाइनीच्या क्रमांकाला ६४ ने भागून जी बाकी उरते, तो तिचा कप्पा. आपली ओळ १,०२४ घरांची, म्हणजे १२८ लाइनींची. १२८ ला ६४ ने भागले की बाकी शून्य. त्यामुळे पहिल्या केंद्राची लाइन ज्या कप्प्यात, त्याच कप्प्यात दुसऱ्याची, तिसऱ्याची आणि चौसष्टाव्याचीही. ६४ लाइनी आठ जागांसाठी झगडतात आणि उरलेले ६३ कप्पे तोपर्यंत मोकळे बसतात. आठ-बाय-आठच्या तक्त्यात पाहिलेला कडा पुन्हा समोर येतो, फक्त कॅश मोठी असूनही.

गोल आकड्याचा मोह टाळून ओळ ९७६ घरांचीच ठेवली असती तर? ९७६ घरे म्हणजे १२२ लाइनी, ६४ ने भागून बाकी ५८. आता लागोपाठच्या ओळी वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. ६४ लाइनी ३२ कप्प्यांत दोन-दोन अशा बसतात आणि कोणालाही बाहेर जावे लागत नाही. मिस ७,८०८, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. कार्यक्रमातले एकही चक्र बदललेले नाही.

हे स्वतः पाहायचे असेल तर लिनक्सवर व्हॅलग्रिंडमधले कॅशग्रिंड हे साधन आहे. ते कार्यक्रम एका कल्पित कॅशवर चालवून मिस मोजते, आणि त्या कॅशची मापे आपण देऊ शकतो:

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes --D1=32768,8,64 ./a.out
```

यातले आकडे क्रमाने कॅशचे बाइट, कप्प्यातल्या लाइनी आणि लाइनीचे बाइट. उत्तरात D1 misses पाहायच्या. कार्यक्रम सुरू होण्यातल्या काही हजार मिस त्यात मिसळलेल्या असतात, तरी साठ हजार आणि आठ हजार यांतला फरक लपत नाही. दोन काळज्या घ्याव्यात. बेरीज शेवटी छापावी, नाहीतर कंपायलर निरुपयोगी समजून सगळे चक्रच काढून टाकतो. आणि तपासताना -O3 ऐवजी -O1 वापरावे, कारण जीसीसी -O3 वर असताना काही प्रसंगी चक्रांची अदलाबदल स्वतःच करतो आणि आपण भलत्याच क्रमाचे मोजमाप घेऊन बसतो.

काही कामांत ओळ खरोखरच १,०२४ किंवा २,०४८ आकड्यांची असते, जसे की प्रतिमा. तिथे आकार बदलता येत नाही, पण मांडणी बदलता येते: प्रत्येक ओळीच्या शेवटी आठ रिकामी घरे सोडायची. १,०२४ ची ओळ १,०३२ घरांची होते, १२८ लाइनींच्या १२९ होतात, बाकी शून्याऐवजी एक उरते, आणि ६४ ओळी ६४ कप्प्यांत एकेक बसतात. अशा ६४ ओळींच्या तक्त्यात उभ्या वाचनाच्या मिस ६५,५३६ वरून ८,१९२ वर येतात. त्यासाठी जास्तीची लागलेली मेमरी ४ किलोबाइट.